प्रतिज्ञापत्रातील हकीकत क्रमवार व निखळ कशी मांडावी

खेड्यातील शिक्षकाकडे मुलांच्या पाट्यांबरोबर गावाचे कागदही येतात. दाखल्यातील जन्मतारीख, नावातील फरक, राहून गेलेली जन्मनोंद अशा कामी प्रतिज्ञापत्र लागते, आणि त्याचा कच्चा मसुदा पुष्कळदा शाळेच्या ओट्यावरच तयार होतो. सांगणारा मन मोकळे करतो आणि लिहिणारा ते जसेच्या तसे उतरवून घेतो. पुढे अधिकाऱ्याच्या हाती जो कागद जातो, त्यात गाऱ्हाणे असते, पण कोणत्या दिवशी काय घडले ते सापडत नाही.

मराठेशाहीत वतनाच्या तंट्यांत वादी व प्रतिवादी यांच्याकडून तकरीर लिहून घेत असत. तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांची हकीकत येई आणि तीतच आपला हक्क कसा खरा, याचा युक्तिवादही मिसळलेला असे. आजची रीत निराळी आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील १९ व्या आदेशाच्या ३ ऱ्या नियमाप्रमाणे प्रतिज्ञापत्रात शपथ घेणाऱ्यास स्वतःच्या माहितीने सिद्ध करता येतील एवढ्याच गोष्टी याव्यात. अंतरिम अर्जात समजुतीची विधाने चालतात, पण त्या समजुतीचा आधार सांगावा लागतो. ऐकीव गोष्टी किंवा युक्तिवाद विनाकारण घातल्यास त्याचा खर्च सामान्यतः दाखल करणाऱ्यावर पडतो. हा नियम दिवाणी न्यायालयाचा असला, तरी इतरत्र द्यावयाच्या प्रतिज्ञापत्रासही हीच मोजपट्टी लावणे हिताचे.

वेरूळजवळच्या एका वस्तीवरील आईचे कथन नमुन्यादाखल कल्पून घेऊ. मुलीच्या जन्माची नोंद राहिली आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माला वर्ष उलटून गेले की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. आई म्हणते :

“माझ्या लेकीवर फार अन्याय झाला. ती वर्गात पहिली येते, पण दाखल्यावाचून तिचे अडते. त्या साली पाऊस फार होता. मुलगी घरीच झाली. राखीपुनवेनंतर चौथा दिवस, श्रावणी सोमवार होता. म्हणून तर मालक घृष्णेश्वरापाशी बेलफुले विकायला गेले होते. दाईने नोंद करायला हवी होती, तिचीच चूक. आता ती बिचारी वारली. मालक सांगतात, कचेरीत दोनदा खेटे घातले, पण कोणी दाद दिली नाही. शाळेत १ जून तारीख घातली, ती साफ खोटी. टोचणीच्या कार्डावर खरी आहे. कायद्याने प्रत्येक मुलाला दाखला मिळालाच पाहिजे.”

प्रथम हे सारे बोलल्याप्रमाणे उतरवून घ्यावे. मध्येच दुरुस्त करू नये. नंतर प्रत्येक वाक्यास एकच प्रश्न विचारावा : हे हिला कसे कळले? स्वतः पाहिले-केले असेल त्याखाली सरळ रेघ ओढावी. कोणाकडून ऐकले किंवा कागदावरून कळले असेल, त्याखाली तुटक रेघ ओढून बाजूस त्या माणसाचा वा कागदाचा उल्लेख करावा. उरलेले मत असते. ‘अन्याय’, ‘तिचीच चूक’, ‘साफ खोटी’, ‘मिळालाच पाहिजे’ या शब्दांखाली कोणतीच रेघ येत नाही. ते विनंतीअर्जात जावेत. तेथे त्यांना जागा आहे.

येथे घाई नडते. पाऊस गाळला तर काही बिघडत नाही. परंतु नवऱ्याच्या बेलफुलांची गोष्टही फापटपसारा समजून काढून टाकली, तर तो सोमवारच होता हे आईला कशावरून आठवते, याचा आधारच नाहीसा होतो. नवरा जन्माच्या वेळी घरी नव्हता, हेही त्याच वाक्यातून कळते. म्हणून कात्री लावण्यापूर्वी त्या तपशिलावर काही टेकलेले आहे काय, हे पाहावे.

दुसरी अडचण तारखेची. आईला तिथी-वार ठाऊक आहे, इंग्रजी तारीख नाही. शिक्षकाने पंचांग पाहिले तर २०१६ साली राखी पौर्णिमा १८ ऑगस्टला, गुरुवारी होती. तेथून चौथा दिवस सोमवार, २२ ऑगस्ट. कार्डावरही हीच तारीख आहे. मेळ बसला याचे समाधान वाटावे, पण ती तारीख आईच्या तोंडी घालू नये. तिने तिथी-वार सांगावा आणि तारीख कार्डाच्या आधाराने वेगळ्या परिच्छेदात यावी. मेळ बसला नसता, तर दोन्ही गोष्टी तशाच लिहाव्या लागल्या असत्या.

आता एकेक घटना चिठ्ठीवर लिहून चिठ्ठ्या कालक्रमाने लावाव्यात. ज्या घटनेचा दिवस आठवत नाही, तिला ‘सुमारे’ लावून महिना, हंगाम किंवा सण द्यावा. दिवस कल्पून घालू नये. मसुदा असा होतो :

१. मी मुलीची आई असून सदर वस्तीवर राहते.

२. सन २०१६ मध्ये राखी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी, सोमवारी, राहत्या घरी माझी मुलगी जन्मली.

३. श्रावणी सोमवार असल्याने माझे पती त्या दिवशी बेलफुले विकण्यास घृष्णेश्वर मंदिरापाशी गेले होते. ते जन्माच्या वेळी घरी नव्हते.

४. प्रसूतीच्या वेळी एक दाई हजर होती.

५. मुलीच्या लसीकरण कार्डावर जन्मतारीख २२ ऑगस्ट २०१६ अशी आहे. कार्डाची प्रत जोडली आहे.

६. जून २०२२ मध्ये मी मुलीला शाळेत दाखल केले. त्या वेळी कार्ड नेले नव्हते व जन्मतारीख सांगितली नव्हती.

७. सदर दाई सुमारे २०२२ च्या दिवाळीनंतर मृत्यू पावली.

८. शाळेच्या नोंदवहीच्या उताऱ्यात जन्मतारीख १ जून २०१६ अशी आहे. उतारा जोडला आहे.

९. जन्माची नोंद उपलब्ध नसल्याचे निबंधकाचे प्रमाणपत्र मला १० जुलै २०२४ रोजी मिळाले. ते जोडले आहे.

आठवा परिच्छेद गाळण्याचा मोह शिक्षकालाच अधिक होईल, कारण १ जून ही सोयीची तारीख पुष्कळ शाळांच्या वह्यांत आढळते. पण उतारा अधिकाऱ्यापुढे येणारच. विसंगती अर्जदाराने स्वतः मांडली नाही, तर ती लपविल्यासारखी दिसते. त्या तारखेला ‘खोटी’ म्हणू नये. दोन कागदांवर दोन तारखा आहेत, एवढेच सांगावे. नवऱ्याने घातलेल्या खेट्यांचा परिच्छेद येथे नाही, याचे कारण तो स्वतः हयात आहे; त्याने ते आपल्या प्रतिज्ञापत्रात सांगावे.

शेवटची सत्यापनाची ओळ छापील नमुन्यावरून उतरवून घेण्याची सवय घातक आहे. मुंबई राज्य विरुद्ध पुरुषोत्तम जोग नाईक या १९५२ च्या खटल्यात शासनाच्या सचिवाच्या प्रतिज्ञापत्रात काही गोष्टी त्यास स्वतःस ठाऊक असल्याचे दिसत होते. सत्यापनात मात्र सारेच माहिती व समजुतीवरून खरे असल्याचे म्हटले होते. असे ढिसाळ सत्यापन एखाद्या प्रकरणी प्रतिज्ञापत्र फेटाळले जाण्यास कारण होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. म्हणून येथे लिहावे : परिच्छेद १ ते ४, ६ व ७ स्वतःच्या माहितीप्रमाणे, आणि ५, ८ व ९ मधील नोंदींचा मजकूर जोडलेल्या कागदांवरून खरा आहे. नववा परिच्छेद दुहेरी आहे. प्रमाणपत्र मिळाल्याचा दिवस तिच्या माहितीचा, त्यातील मजकूर कागदाचा. तेवढी फोड सत्यापनात करावी, किंवा त्या परिच्छेदाचेच दोन करावेत.

सही वा अंगठा घेण्यापूर्वी सारा मसुदा आईला सावकाश वाचून दाखवावा आणि प्रत्येक क्रमांकानंतर थांबावे. सातव्या क्रमांकाशी ती म्हणाली की “नाही, दिवाळीच्या आधी”, तर तो परिच्छेद तेथल्या तेथे बदलावा व नवी प्रत करावी. शपथ तिची असते, लिहिणाऱ्याची नव्हे.