पगाराआधीचा पगार

भाचीबाई, बेलापूर स्टेशनवरच्या ऑफिसात तुला नोकरी लागली, आणि वीस तारखेनंतर तुझा चहा माझ्या पैशांनी सुरू झाला. चहाचं सोड. पण मोबाइलवर 'आत्ताच पगार घ्या' दिसलं, की बोट टेकवायच्या आधी मामाचं एवढं ऐक.

१. फी किती रुपये हे बघितलंस, की किती दिवसांसाठी हेही बघ — २००० रुपये दहा दिवस आधी घेतलेस आणि जीएसटीसकट ६० रुपये गेले, तर शेकडा ३ झाले. पण हे दहाच दिवसांचे. वर्षात असे साडेछत्तीस तुकडे पडतात, म्हणजे वर्षाला जवळजवळ ११० टक्के!

२. पगार तोंडावर आला असेल तर कळ काढ — फी तीच राहते, दिवस घटतात. तेच २००० तीन दिवसांसाठी घेतलेस तर दर ३६५ टक्के; आणि दहा दिवसांसाठी हजारच घेतलेस तरी २१९.

३. सलग दुसऱ्या महिन्यात उचल घेतलीस की सावध हो — पुढचा पगार २०६० नी कमी येतो, आणि तीच तूट भरायला पुन्हा उचल लागते. उचल गोड, पगार लंगडा. वर्षभरात ७२० रुपये फी जाते आणि महिनाअखेरीची ओढ होती तिथेच राहते. सुटायचं असेल तर दर महिन्याला ३०० नी कमी घे: २०००, १७००, १४००... सातव्या महिन्यात २०० उरतात. तेवढ्यासाठी फी भरू नकोस, माझ्याकडून ने.

४. अ‍ॅप कर्ज देत असेल तर 'की फॅक्ट स्टेटमेंट' उघडून APR वाच — रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तो वार्षिक दर तिथे द्यावाच लागतो. 'हे कर्ज नाही, तुझाच कमावलेला पगार' असं म्हणणाऱ्या अ‍ॅपमध्ये तो दिसेलच असं नाही. तिथे पहिल्या मुद्द्याचा हिशेब स्वतः मांड.

५. आधी ऑफिसच्या एचआरला साधी उचल विचार — बऱ्याच ठिकाणी ती बिनव्याजी मिळते. लाज वाटते म्हणून अ‍ॅप गाठणं म्हणजे लाजेचं भाडं भरणं.

६. कर्जाचा हप्ता पाच तारखेला आणि पगार सातला, असं असेल तर हप्त्याची तारीख बदलून माग — निम्मी ओढाताण तारखांचीच असते. पण हप्ता उद्याच आहे, खात्यात पैसे नाहीत आणि बाउन्सचा दंड पाचशेच्या घरात, तर खुशाल ६० रुपये भर. तिथे टक्केवारी बघत बसू नकोस.

७. कर्ज देणाऱ्या कंपनीने जास्त पैसे कापले तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार कर — तीस दिवसांत दाद लागली नाही, की cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं. बेलापुरातच रिझर्व्ह बँकेचं ऑफिस आहे, पण तिथे हेलपाटा नको. तक्रार घरबसल्या होते, आणि फुकट.