स्प्लिटरनंतर चित्र फुटू लागलं, तर

आमच्या घरात केबलची एकच वायर येते आणि चार तोंडांच्या स्प्लिटरमधून तीन टीव्हींकडे जाते. प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र सेट-टॉप बॉक्स आहे. हॉलमधलं चित्र स्वच्छ असायचं. मागच्या खोलीत मात्र काही चॅनेलांवर चौकोन दिसायचे, आवाज तुटायचा आणि मग चित्र गोठायचं.

इलेक्ट्रिशियनने त्या टीव्हीच्या मागेच अ‍ॅम्प्लिफायर बसवून दिला. बॉक्सच्या मेनूत सिग्नलची ताकद वाढलेली दिसली, पण गुणवत्तेची पट्टी जागची हलली नाही आणि चौकोनही तसेच राहिले. असा अनुभव आला तर समजावं, की आधीच बिघडलेला सिग्नल आपण नुसता मोठा करतो आहोत.

पुढे केबलवाल्यांचा एक माणूस मीटर घेऊन आला आणि हिशेब उलगडला. घरात येणाऱ्या वायरीवर मीटर 62 दाखवत होता. चार तोंडांचा स्प्लिटर साधारण साडेसात डेसिबल खातो, म्हणजे त्याच्यापुढे 54 च्या आसपास. मागच्या खोलीपर्यंतच्या पंचवीस मीटर वायरीत आणखी पाचेक जायला हवे होते. तिथे 49 मिळणं अपेक्षित होतं. प्रत्यक्षात मिळाले 43. उरलेले सहा डेसिबल खिडकीजवळच्या एका जोडाने खाल्ले होते. तिथे पाणी शिरून पिन हिरवी पडली होती. पिन बदलल्यावर बहुतेक चॅनेल सुधारले. वरच्या फ्रीक्वेन्सीचे काही तेवढे तुटत राहिले, कारण लांब वायरीत आधी त्यांचाच सिग्नल घटतो.

आता अ‍ॅम्प्लिफायरची खरी गरज होती. टीव्हीमागचा काढून स्प्लिटरच्या अलीकडे, वायर घरात शिरते तिथे, बारा डेसिबलचा बसवला. सिग्नल अजून स्वच्छ असतानाच वाढवला की पुढे वाटणीत आणि वायरीत जे जातं, ते परवडतं. मागच्या खोलीत 61 मिळाले आणि चित्र तुटायचं थांबलं. स्प्लिटरच्या रिकाम्या चौथ्या तोंडावर 75 ओहमचं टर्मिनेटर लावलं, म्हणजे तिथून सिग्नल उलटा परतून त्रास देत नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी एक तपासणी कराच. मागच्या खोलीतला बॉक्स उचलून आणा आणि स्प्लिटर वगळून थेट येणाऱ्या वायरीला जोडा. तिथेही तेच चॅनेल फुटत असतील, तर दोष बाहेरच्या लाइनीत किंवा बॉक्समध्येच आहे. केबलवाल्यांनाच बोलवा, अ‍ॅम्प्लिफायरवर खर्च करू नका. थेट जोडल्यावर चित्र ठीक आलं, तर आधी जोड आणि पिना तपासा. टीव्ही दोनच असतील तर दोन तोंडांचा स्प्लिटर लावून पाहा. तो चारेक डेसिबलच घेतो आणि अनेकदा तेवढ्यावर भागतं.

शक्तीचा हव्यासही नको. येणारा सिग्नलच सत्तरच्या वर असेल आणि त्यावर वीस डेसिबल चढवले, तर बॉक्सला तो झेपत नाही आणि चांगले चालणारे चॅनेलही फुटू लागतात. गेन कमी-जास्त करायचा स्क्रू असलेला अ‍ॅम्प्लिफायर घ्या, आणि सगळ्या खोल्यांतले चॅनेल स्थिर होतील तेवढाच तो फिरवा.