परीक्षकाच्या टेबलावर प्रतिस्पर्ध्याची कल्पना : एक खरी घटना आणि तिचा धडा



विज्ञानातला शोध छापून येण्याआधी तो त्याच विषयातल्या दुसऱ्या तज्ज्ञाकडे तपासायला जातो. याला पिअर रिव्ह्यू म्हणतात. आपण त्याला समकक्ष परीक्षण म्हणू. लेख कोणी तपासला हे लेखकाला सहसा सांगत नाहीत. परीक्षकाला मात्र बहुतेक वेळा लेखकाचं नाव दिसतं. आता अडचण बघा. विषय अगदी बारीक असेल, तर तो समजणारी माणसं जगात थोडीच असतात, आणि ती बऱ्याचदा एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात. म्हणजे ज्याला लेख कळतो, त्यालाच त्याचा मोह पडू शकतो. असा मोह पडला तर काय होतं, हे १९७८ ते १९८० या काळात अमेरिकेत घडलेल्या एका घटनेतून समजून घेऊ.

घटना काय होती?

हेलेना वाख्सलिख्त-रोडबार्ड ही तरुण डॉक्टर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत (एनआयएच) जेसी रॉथ यांच्या प्रयोगशाळेत काम करत होती. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा या आजारात रुग्ण खाणं इतकं कमी करतो की शरीर अगदी खंगून जातं. अशा रुग्णांच्या तांबड्या पेशींना इन्सुलिन किती चिकटतं, हे तिने मोजलं. खंगलेल्या अवस्थेत ते जास्त चिकटत होतं आणि खाणं व वजन सुधारल्यावर प्रमाण पूर्ववत होत होतं. नोव्हेंबर १९७८ मध्ये तिने हा लेख 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकाकडे पाठवला.

संपादकांनी तो येल विद्यापीठातले नामवंत प्राध्यापक फिलिप फेलिग यांच्याकडे परीक्षणाला दिला. फेलिग यांनी तो आपले तरुण सहकारी विजय सोमण यांच्या हाती सोपवला. सोमण पुण्याहून तिकडे गेलेले. त्यांनी याच विषयावरचा अभ्यास आधीच हाती घेतला होता, पण तो पूर्ण झालेला नव्हता. इथे त्यांना समोर दिसलं की आपल्या प्रतिस्पर्ध्याचं काम पुढे गेलंय, आणि ते अजून छापलेलंही नाही.

लेख छापू नये, असा अभिप्राय येलहून गेला. लेखाची एक प्रत मात्र सोमण यांच्याकडे राहिली. थोड्याच दिवसांत सोमण आणि फेलिग यांचा याच विषयावरचा लेख 'अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन'कडे गेला. इकडे जानेवारी १९७९ मध्ये रोडबार्ड यांना नकार कळवण्यात आला.

आता योगायोग बघा. या दुसऱ्या नियतकालिकाने सोमण-फेलिग यांचा लेख परीक्षणासाठी नेमका जेसी रॉथ यांच्याकडे पाठवला, आणि रॉथ यांनी तो रोडबार्ड यांना वाचायला दिला. वाचता वाचता त्यांना आपलीच वाक्यं दिसू लागली. काही ओळी जशाच्या तशा होत्या. एका पेशीवर इन्सुलिन पकडणाऱ्या जागा किती, हे काढायचं सूत्रही त्यांच्याच लेखातलं होतं.

चोरी कशी ओळखली?

हा मुद्दा नीट लक्षात घ्या. दोन प्रयोगशाळांना एकच कल्पना स्वतंत्रपणे सुचू शकते. सोमण यांच्या बाबतीतही विषय त्यांनी आधीच निवडलेला होता. म्हणून 'कल्पना सारखी आहे' एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शब्द, सूत्र आणि मांडणीचा क्रम जुळला, तरच पुरावा उभा राहतो.

रोडबार्ड यांनी नेमकं हेच दाखवलं.  दोन्ही लेखांतल्या जुळणाऱ्या ओळींसह त्यांनी पहिल्या नियतकालिकाचे संपादक अर्नोल्ड रेलमन यांना लिहिलं. नकाराचा अभिप्राय देणारे आपणच होतो, हे फेलिग यांना मान्य करावं लागलं. रोडबार्ड यांचा लेख त्याच नियतकालिकात एप्रिल १९७९ मध्ये छापून आला.

तरी प्रकरण मिटलं नाही. वाक्यं उचलली असली तरी आकडे आपलेच आहेत, असं येलचं म्हणणं होतं. रोडबार्ड यांना तेवढ्याने समाधान नव्हतं. ते आकडे खरे आहेत का, हे बाहेरच्या माणसाने तपासावं, असा त्यांचा आग्रह होता. शेवटी फेब्रुवारी १९८० मध्ये बोस्टनचे डॉ. जेफ्री फ्लायर येलला गेले आणि त्यांनी मूळ नोंदी मागितल्या. काही तासांतच दिसलं की छापलेले आकडे नोंदींशी जुळत नाहीत. सोमण यांना नोकरी सोडावी लागली आणि बरेच लेख मागे घेतले गेले. फेलिग पुढे कोलंबिया विद्यापीठात मोठ्या पदावर रुजू झाले. तिथून त्यांनाही राजीनामा द्यावा लागला. रोडबार्ड यांनीही प्रयोगशाळा सोडली आणि त्या रुग्णसेवेकडे वळल्या. ज्यांची बाजू खरी होती, त्यांनाही किंमत मोजावी लागली.

चूक नेमकी कुठे झाली?

आपण पटकन म्हणतो की वाक्यं उतरवली ती चूक. पण पहिली चूक त्याच्या आधीची आहे. आपल्याच चमूचं काम ज्या विषयावर चालू आहे, त्यावरचा लेख फेलिग यांनी संपादकांना काही न सांगता स्वीकारला. दुसरी चूक, तो गुपचूप सहकाऱ्याला दिला. तिसरी, प्रत ठेवून घेतली. उतरवणं त्यानंतर आलं. पहिल्याच पायरीला थांबले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

एकदा वाचलेलं डोक्यातून काढता येत नाही. म्हणून प्रामाणिक माणसानेसुद्धा 'मी वाचेन, पण वापरणार नाही' असं स्वतःला सांगणं धोक्याचं आहे. आपला विचार कुठे संपला आणि समोरच्याचा कुठे सुरू झाला, हे महिन्याभराने त्यालाही सांगता येत नाही.

मग परीक्षकाने काय करावं?

१. परीक्षणाच्या विनंतीत शीर्षक आणि सारांश असतो. तेवढ्यावरूनच आपलं काम याच्याशी भिडतंय हे कळलं, तर पूर्ण लेख उघडू नये. संपादकांना कारण सांगून नकार द्यावा.

२. लेख उघडल्यावर लक्षात आलं, तर तिथेच थांबावं आणि संपादकांना कळवावं. आपलं काम तेव्हा कुठवर आलं होतं, हेही तारखेसह लिहून द्यावं. पुढे वाद झाला तर तीच नोंद उपयोगी पडते.

३. लेखात तिसऱ्याच कुणाची अप्रकाशित कल्पना दिसली, समजा एखाद्या चर्चासत्रात ऐकलेली, तर ती फक्त संपादकांना गोपनीय टिपणात सांगावी. लेखकाला किंवा त्या तिसऱ्या माणसाला परस्पर फोन करू नये. कदाचित दोघं मिळूनच काम करत असतील, आणि आपल्याला ते माहीत नसेल.

४. मदतीला सहकारी हवा असेल, तर आधी संपादकांची परवानगी घ्यावी आणि त्याचं नावही कळवावं.

वर्गात कसं घ्याल?

विज्ञान प्रदर्शनाचं उदाहरण मुलांना लगेच कळतं. एक परीक्षक दुसऱ्या शाळेच्या मुलांना मार्गदर्शनही करतात. त्यांना एका प्रकल्पात अगदी त्यांच्या मुलांसारखीच कल्पना दिसते. मुलांना विचारा :

- गुण देण्याआधी परीक्षकांनी कुणाला काय सांगायला हवं?
- दोन्ही गटांना एकच कल्पना स्वतंत्रपणे सुचली असेल, तर ते कशावरून कळेल? कोणत्या वह्या, कोणत्या तारखा बघाल?
- परीक्षकांनी आपल्या मुलांना ती दुसरी रचना फक्त तोंडी सांगितली, एक ओळही उतरवली नाही, तर ती चोरी होते का?

शेवटच्या प्रश्नावर वर्गात दोन तट पडतील. पडू द्या. मात्र 'नाही' म्हणणाऱ्यांना एक विचारा : तुमचा प्रकल्प पूर्ण व्हायच्या आधी असं कुणी केलं असतं, तर?