गोलंदाजाचा हिशेब

डिसेंबर १९५९ मध्ये कानपूर येथे ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या डावात जसू पटेल यांच्या नावापुढे धावफलकावर ३५.५–१६–६९–९ असे आकडे होते. षटके, निर्धाव षटके, दिलेल्या धावा व घेतलेले बळी, असा त्यांचा क्रम आहे.

येथील ‘३५.५’ म्हणजे साडेपस्तीस नव्हे. ३५ षटके आणि ५ चेंडू. म्हणून प्रथम चेंडू मोजावेत: ३५ × ६ + ५ = २१५.

सरासरी, म्हणजे बळीमागे धावा: ६९ ÷ ९ = ७.६७.
स्ट्राइक रेट, म्हणजे बळीमागे चेंडू: २१५ ÷ ९ = २३.८९.
इकॉनॉमी रेट, म्हणजे षटकामागे धावा: ६९ × ६ ÷ २१५ = १.९३.

स्वाध्याय : जानेवारी १९६४ मध्ये मद्रास येथे इंग्लंडच्या पहिल्या डावात बापू नाडकर्णी यांचे आकडे ३२–२७–५–० होते. यांवरून कोणते उत्तर निघते? कोणती दोन निघत नाहीत, व का?