बॅटरीचे तास आणि डिझेलचे तास

मोबाइल टेलिफोनच्या मनोऱ्यावरील यंत्रे थेट तारेतून येणाऱ्या विजेवर चालत नाहीत. त्यांना ४८ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो. म्हणून तारेतून आलेली वीज प्रथम एकदिशकारकात जाते. मनोऱ्यावर काम करणारी माणसे या साधनाला रेक्टिफायर म्हणतात, आणि तेच नाव येथे वापरणे सोयीचे आहे. रेक्टिफायरमधून निघणारा प्रवाह एकाच वेळी दोन ठिकाणी जातो : एक भाग यंत्रांना आणि दुसरा बॅटरीला. ही बॅटरी म्हणजे प्रत्येकी दोन व्होल्टचे, शिशाचे व आम्लाचे चोवीस घट एकापुढे एक जोडून केलेली रांग. ती यंत्रांना कायमची जोडलेली असते. त्यामुळे वीज गेली की कोणतीही कळ दाबावी लागत नाही, बोलणाऱ्याचे बोलणे मध्येच तुटत नाही. बॅटरी ठरावीक मर्यादेपर्यंत उतरली की डिझेलवर चालणारे जनित्र आपोआप सुरू होते. या जनित्राची वीजही त्याच रेक्टिफायरमधून जाते. ही गोष्ट आताच ध्यानात ठेवलेली बरी, कारण पुढील सारा गुंता तिच्यातूनच निर्माण होतो.

बॅटरी किती तास पुरेल हे काढण्याची रूढ रीत अगदी सोपी आहे. बॅटरीची धारणाशक्ती अँपिअर-तासांत दिलेली असते. तिला यंत्रांना लागणाऱ्या प्रवाहाने भागावे. या रीतीत चूक नाही, परंतु ती ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न बहुधा कोणी विचारलेला नसतो. हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ.

उत्तर बिहारच्या मैदानातील एका खेड्याच्या कडेला असलेला मनोरा कल्पावा. काळ २०१२ च्या आसपासचा. ग्रामीण भागात दिवसातून दहा तास वीज नसणे ही तेव्हा नवलाची गोष्ट नव्हती. समजा, वीज सकाळी सहा ते नऊ, दुपारी बारा ते तीन आणि संध्याकाळी सहा ते दहा या वेळांत जाते. मनोऱ्यावरील यंत्रांना सरासरी ४० अँपिअर, म्हणजे सुमारे दोन किलोवॉट लागतात. बॅटरी ६०० अँपिअर-तासांची आहे. रेक्टिफायरमध्ये प्रत्येकी ५० अँपिअर देणारे दोन खण आहेत, म्हणजे एकूण १०० अँपिअर. त्यांपैकी ४० यंत्रांना गेले की बॅटरी भरण्यास ६० उरतात. शिशाच्या बॅटरीला तिच्या धारणाशक्तीच्या दशांशाइतका प्रवाह चांगला मानवतो, तेव्हा ही योजना यथायोग्य आहे.

आता ६०० ला ४० ने भागले तर पंधरा तास येतात. वीज जाते दहाच तास. मग जनित्राचे काम काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बॅटरी तीन-चार वर्षे वापरात असेल तर तिची शक्ती नव्या बॅटरीच्या ऐंशी टक्क्यांवर, म्हणजे ४८० अँपिअर-तासांवर आलेली असू शकते. उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याच्या पेटीत ही घसरण अधिक वेगाने होते. सर्वसाधारण अनुभव असा, की तापमान दहा अंशांनी वाढले तर बॅटरीचे आयुष्य निम्म्याच्या आसपास येते. शिवाय जी बॅटरी रोज उतरते आणि रोज भरते ती निम्म्याहून खाली उतरू न देणे शहाणपणाचे असते. अशा रीतीने हाती उरतात २४० अँपिअर-तास, म्हणजे सहा तास. पंधराचे सहा झाले. तरीही काळजीचे कारण नाही, कारण एका वेळी वीज चार तासांहून अधिक जात नाही आणि मधल्या काळात बॅटरी पुन्हा भरते.

पुन्हा भरते, पण किती? बॅटरीतून १०० अँपिअर-तास काढले तर सुमारे ११० परत घालावे लागतात. ती भरत आली की आपण होऊन कमी प्रवाह घेऊ लागते, म्हणून शेवटचा वाटा सावकाश भरतो. हे जमेस धरूनही वरील मनोऱ्याचा दिवस निभावतो. सकाळच्या तीन तासांत १२० अँपिअर-तास जातात. दुपारपर्यंत त्यांतले बहुतेक परत येतात. दुपारीही तसेच होते. संध्याकाळी १६० जातात आणि रात्री दहाला बॅटरी साठ टक्क्यांच्या आसपास येते. रात्रीचे आठ तास तिला पूर्ण भरण्यास पुरतात. जनित्र बंदच राहते.

आता रेक्टिफायरचा एक खण निकामी झाला असे मानू. बाहेरून काहीही बदललेले दिसत नाही. वीज असते तेव्हा यंत्रे चालू असतात, ग्राहकांची तक्रार नसते, कारण उरलेला खण ५० अँपिअर देतो आणि यंत्रांना ४०च लागतात. परंतु बॅटरीच्या वाट्याला ६० ऐवजी १० अँपिअर येतात. पहिल्या सकाळी १२० अँपिअर-तास खर्च होऊन ३६० उरतात. नऊ ते बारा या वेळात घटीचा वाटा वजा जाता जेमतेम २७ परत येतात. दुपारी पुन्हा १२० जातात, पुन्हा २७ येतात. संध्याकाळी सहा वाजता बॅटरीत २९४ असतात आणि ती सात वाजून वीस मिनिटांच्या सुमारास निम्म्यावर येते. जनित्र सुरू होते. पण जनित्राची वीजही त्याच अर्ध्या रेक्टिफायरमधून जात असल्याने तेही बॅटरीला दहाच अँपिअर देऊ शकते. पहाटेपर्यंत बॅटरी पूर्ण भरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी जनित्र सकाळ, दुपार व संध्याकाळ अशा तिन्ही वेळी सुरू होते.

हा क्रम रोज कोठे स्थिरावेल हे काढण्यास दिवसाचा जमाखर्च पुरेसा आहे. बॅटरी जितके तास यंत्रांना पुरवते तितके तास ती उतरते. दिवसाचे उरलेले सर्व तास, मग वीज तारेतून येवो की जनित्रातून, ती भरत असते. उतरण्याचा वेग ताशी ४० आणि भरण्याचा वेग, दहाला १.१ ने भागून, ताशी ९.१ आहे. दोन्ही बाजू जुळायच्या तर :

बॅटरीचे तास = २४ × ९.१ ÷ (४० + ९.१) = सुमारे ४.४

वीज नसलेल्या दहा तासांपैकी बॅटरी साडेचार तासांहूनही थोडे कमी भागवते आणि जनित्राला सुमारे साडेपाच तास चालावे लागते. पंधरा केव्हीए क्षमतेचे जनित्र एवढ्या हलक्या भारावर तासाला सुमारे दोन लिटर डिझेल खाते. म्हणजे दिवसाला अकरा लिटर, महिन्याला सव्वातीनशेहून अधिक. आणि हे सारे कारंज्याच्या पुस्तकाएवढ्या आकाराचा एक खण बंद पडल्यामुळे.

वरील समीकरणात बॅटरीची धारणाशक्ती कोठेच नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल. डिझेलचा खर्च वाढला की बॅटरी कमकुवत झाली असे गृहीत धरून मोठी बॅटरी बसवली जाते. समजा, ६०० च्या जागी १२०० अँपिअर-तासांची नवी बॅटरी आणली. पहिले एक-दोन दिवस जनित्र सुरूच होणार नाही, आणि उपाय लागू पडला असा समाधानाचा शेरा नोंदवहीत लिहिला जाईल. परंतु रोज जितके काढले जाते तितके परत येत नाही; लवकरच ही बॅटरीही निम्म्यावर येईल आणि जनित्र पुन्हा साडेपाच तास चालू लागेल. लिथियमची बॅटरी जलद भरते हे खरे. पण देणारा दहाच अँपिअर देत असेल तर तिचा तो गुण वाया जातो. उलट, शिशाची बॅटरी महिनोन् महिने अर्धवट भरलेली राहिली तर तिच्या पट्ट्यांवरील शिशाचे सल्फेट कठीण होऊन बसते आणि शक्ती कायमची घटते. वर्षभराने तपासणारा येतो तेव्हा बॅटरी खरोखरच खराब झालेली असते, आणि दोष तिच्याच माथी मारला जातो.

खरे कारण ओळखणे अवघड नाही, मात्र ते योग्य वेळी पाहावे लागते. दोन-तीन तासांच्या खंडानंतर वीज परत येताच पहिल्या काही मिनिटांत बॅटरीच्या तारेतील प्रवाह मोजावा. तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा, एकदिश प्रवाह मोजू शकणारा मापक असला म्हणजे तार तोडावी लागत नाही. प्रवाह साठच्या आसपास असेल तर भरण्याची व्यवस्था ठीक आहे आणि बॅटरीवरच संशय घ्यावा. तो दहा-पंधरा असेल तर दोष रेक्टिफायरमध्ये किंवा त्याच्याकडे येणाऱ्या विजेत आहे. वीज येऊन बराच वेळ झाल्यावर मोजले तर मात्र फसगत होते, कारण भरलेली बॅटरीही थोडाच प्रवाह घेते.

येणाऱ्या विजेचा उल्लेख मुद्दाम केला आहे. खेड्यात लांबवरच्या रोहित्रातून येणारा दाब २३० व्होल्टवरून १५० पर्यंत उतरलेला असू शकतो. अशा दाबावर रेक्टिफायर आपला प्रवाह आपोआप कमी करतो किंवा पूर्ण थांबतो. वीज कार्यालयाच्या दृष्टीने त्या वेळी वीज असते, गावातले दिवेही मिणमिणत असतात. मनोऱ्याच्या हिशेबात मात्र तो तास खंडित विजेतच धरला पाहिजे.

बॅटरीच्या धारणाशक्तीला महत्त्व येते ते वीज एकाच वेळी दीर्घकाळ गेली म्हणजे. ३० जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे आणि ३१ जुलैला उत्तर, पूर्व व ईशान्य भारताचे वीजजाळे कोसळले, तेव्हा अनेक ठिकाणी वीज कित्येक तास परतली नाही. अशा वेळी वरील मनोऱ्यावर वीज सलग सोळा तास गेली असे धरू. भरलेली बॅटरी पहिले सहा तास निभावून नेते. उरलेल्या दहा तासांत जनित्र अखंड चालवण्याचे कारण नसते. ते चालू असताना बॅटरीही भरून घ्यावी, थोडी भरली की जनित्र थांबवावे आणि पुन्हा बॅटरीवर यावे. दोन्ही खण चांगले असतील तर आळीपाळीच्या या पद्धतीत जनित्र एकूण सव्वाचार तास चालले तरी पुरते. तेव्हा त्यावर भार अधिक असल्याने तासाला डिझेल थोडे जास्त लागते, पण एकंदरीत बचतच होते. एकच खण चालू असेल तर त्याच दहा तासांसाठी जनित्राला आठ तासांहून अधिक चालावे लागते, म्हणजे सोळा लिटरांवर डिझेल जाते. टाकीत दहा लिटरच असतील तर पाच तासांनी जनित्र बंद पडेल, आणि उरलेली बॅटरी संपली की मनोरा मुका होईल. टाकीतला साठा म्हणूनच दिवसाच्या सरासरीवरून ठरवून चालत नाही. डिझेलचे पिंप घेऊन निघालेला माणूस पावसाळ्यात, रस्त्यावर पाणी असताना, किती तासांनी तेथे पोहोचतो यावरून तो ठरवावा लागतो.