लघुगणकी समीकरणातील गुणांक आणि टक्केवारीचे वाचन

कृषी संशोधनाच्या अहवालांत ‘उत्पादकतेचा वार्षिक चक्रवाढ दर’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. त्यामागील गणित बहुधा एकाच प्रकारचे असते. उत्पादकतेचा नैसर्गिक लघुगणक घेऊन त्याचे काळाशी समाश्रयण, म्हणजेच रिग्रेशन, केले जाते आणि मिळालेल्या गुणांकाला शंभराने गुणून तो टक्क्यांत वाचला जातो. ही रीत सोयीची आहे आणि पुष्कळदा बरोबरही ठरते. तथापि ती कोठे बरोबर राहते व कोठे फसवते, हे एखादे प्रत्यक्ष उदाहरण सोडवल्याशिवाय नीट उमगत नाही.

भारतातील गव्हाचे उदाहरण घेऊ. केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार गव्हाची सरासरी उत्पादकता १९५०-५१ मध्ये हेक्टरी ६६३ किलो होती. त्यानंतर प्रत्येक दहा वर्षांनी ती अनुक्रमे ८५१, १३०७, १६३०, २२८१ आणि २०००-०१ मध्ये २७०८ किलो झाली. एरवी असा दर काढताना प्रत्येक वर्षाचा आकडा घेतात, कारण एखाद्या वर्षीचे हवामान सुटा आकडा वर किंवा खाली ओढू शकते. येथे हिशेब हाताने पडताळता यावा म्हणून सहाच बिंदू घेतले आहेत.

पहिल्या दशकात उत्पादकता १८८ किलोंनी वाढली, तर शेवटच्या दशकात ४२७ किलोंनी. किलोंच्या हिशेबाने शेवटचे दशक दुपटीहून सरस दिसते. परंतु पहिल्या दशकातील वाढ ६६३ च्या पायावर होती आणि शेवटच्या दशकातील २२८१ च्या. गुणोत्तर पाहिले तर पहिल्या दशकात उत्पादकता १.२८ पट झाली आणि शेवटच्या दशकात केवळ १.१९ पट. लघुगणक गुणाकाराचे बेरजेत रूपांतर करतो, त्यामुळे समान पटींनी होणारी वाढ आलेखावर सरळ रेषा होऊन दिसते. अवलंबी चलाचा लघुगणक घेण्याचे मुख्य कारण हेच आहे. आकडे ‘नॉर्मल’ वितरणात बसवणे हे कारण अनेकदा सांगितले जाते, पण ते दुय्यम आहे.

आर या संगणकीय भाषेत हे समीकरण असे बसवता येते. दशकाला ० ते ५ असे अंक दिले आहेत.

```
y <- c(663, 851, 1307, 1630, 2281, 2708)
d <- 0:5
m <- lm(log(y) ~ d)
coef(m)["d"]
exp(coef(m)["d"]) - 1
```

चौथ्या ओळीचे उत्तर सुमारे ०.२९२ येते आणि पाचव्या ओळीचे सुमारे ०.३३९. पहिले उत्तर शंभराने गुणल्यास ‘दर दशकाला २९.२ टक्के वाढ’ असे वाक्य तयार होते, तर दुसऱ्यावरून ३३.९ टक्के. दोन्ही एकाच समीकरणातून आलेली असली तरी खरे वाक्य दुसरे आहे. लघुगणकाच्या रेषेवर एक पाऊल पुढे जाणे म्हणजे मूळ राशीला e च्या ०.२९२ घाताने, म्हणजे १.३३९ ने गुणणे होय.

आता हाच गुणांक वर्षाच्या मापात पाहू. दशकाचा ०.२९२ हा आकडा दहाने भागला की वर्षाचा गुणांक ०.०२९२ येतो. शंभराने गुणल्यास २.९२ टक्के आणि अचूक सूत्राने २.९६ टक्के. हा फरक अहवालात लक्षातही येणार नाही. समीकरण तेच, आकडे तेच, केवळ काळाचे एकक बदलले आणि अंदाज जवळजवळ निर्दोष झाला. यावरून मर्यादा कोठे आहे ते दिसते. वाढ r असेल तर ln(1+r) ची किंमत r पेक्षा साधारण r च्या वर्गाच्या निम्म्याने कमी असते. r = ०.०५ असता लघुगणक ०.०४९ येतो आणि तूट नगण्य ठरते. r = ०.५० असता तो ०.४०५ येतो आणि जवळजवळ दहा टक्के-बिंदू हरवतात. म्हणून गुणांक ०.१० च्या आत असेल तोवर थेट टक्केवारी वाचण्यास हरकत नाही. त्यापुढे exp(b) − 1 हेच सूत्र वापरावे. संगणकाला एवढे काम सांगण्यात कष्ट नाहीत, तेव्हा नेहमीच ते वापरणे अधिक बरे.

एक व्यावहारिक सापळा येथेच नोंदवायला हवा. आर मधील log() नैसर्गिक लघुगणक देते, पण एक्सेलमधील LOG() पाया न दिल्यास दहाच्या पायाचा लघुगणक देते. नैसर्गिक लघुगणकासाठी तेथे LN() लिहावे लागते. चुकून दहाचा पाया घेतला गेला तर वरील गुणांक ०.१२७ येईल आणि दशकाला सुमारे १२.७ टक्के वाढ असा निष्कर्ष निघेल. ही चूक ओळखण्याचा उपाय साधा आहे. १.१२७ पाच वेळा गुणल्यास १.८ येतात, तर प्रत्यक्षात उत्पादकता पन्नास वर्षांत चौपट झालेली आहे. दहाच्या पायाचा गुणांक २.३०३ ने गुणला की नैसर्गिक पायाचा गुणांक मिळतो.

सरळ रेषा बसली म्हणजे दर स्थिर होता, असेही नव्हे. गव्हाच्या आकड्यांत रेषेपासूनचे अवशेष दोन्ही टोकांना ऋण आणि १९७०-७१ ते १९९०-९१ या मधल्या बिंदूंना धन आहेत. हा योगायोग नाही. १९६० च्या दशकात बुटक्या वाणांच्या आगमनाने उत्पादकता ५३.६ टक्क्यांनी उसळली आणि १९९० च्या दशकात वाढ १८.७ टक्क्यांवर आली. पन्नास वर्षांचा एकच दर या दोन्ही काळांना झाकून टाकतो. अवशेषांचा आलेख असा कमानीसारखा दिसला की कालखंड तोडून स्वतंत्र दर काढणे योग्य.

काळाऐवजी ‘होय किंवा नाही’ अशा डमी चलाचा गुणांक वाचताना अधिक सावधगिरी लागते, कारण त्याचे एकक लहान करता येत नाही. हरभऱ्याच्या शेतांची एक कल्पित पाहणी घेऊ. काही शेतांना फुलोऱ्याच्या आधी एक संरक्षित पाणी दिले, काहींना दिले नाही. उत्पादनाच्या लघुगणकावर संरक्षित पाण्याचा गुणांक ०.६० आणि त्याची प्रमाण त्रुटी ०.२० आली, असे समजू. ‘६० टक्के वाढ’ हे वाक्य चुकीचे ठरते, कारण अचूक आकडा ८२ टक्के आहे. उलट कोरडवाहू शेतांना १ आणि पाणी दिलेल्यांना ० असे अंक दिले, तर गुणांक −०.६० येईल आणि अचूक घट ४५ टक्के निघेल. वाढ ८२ आणि घट ४५ यांत विसंगती नाही, पाया बदलला आहे इतकेच. रॉबर्ट हॅल्व्होर्सन आणि रेमंड पामक्विस्ट यांनी १९८० साली या चुकीकडे अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. पुढच्याच वर्षी पीटर केनेडी यांनी सुचवले की घातांकात घालण्यापूर्वी गुणांकातून त्याच्या प्रचरणाचा निम्मा भाग वजा करावा. येथे ०.६० मधून ०.०२ वजा केल्यास वाढ ७९ टक्क्यांच्या आसपास येते. विश्वासांतरालही आधी लघुगणकात काढून मगच टक्क्यांत न्यावे. तसे केल्यास ते २३ ते १७० टक्के असे येते, म्हणजे ८२ च्या दोन्ही बाजूंना असमान. पाहणी किती लहान होती, हे त्या रुंदीवरून वाचकाला कळते. ती रुंदी न छापता केवळ ८२ छापणे अप्रामाणिकपणाच्या जवळ जाते.

या आकड्याचा खरा अर्थ मात्र अद्याप पूर्ण झालेला नाही. लघुगणकांची सरासरी उलटवली की अंकगणितीय सरासरी मिळत नाही, भूमितीय माध्य मिळतो. एका शेतात १० आणि दुसऱ्यात ४० क्विंटल उत्पादन असेल तर सरासरी २५ येते, भूमितीय माध्य मात्र २०. गोदामात येणारा माल २५ च्या हिशेबाने येतो. समजा एखाद्या तालुक्यासाठी समीकरणावरून हेक्टरी १५ क्विंटल असा अंदाज निघाला आणि अवशेषांचे प्रमाण विचलन ०.६० आहे. अवशेष नॉर्मल धरल्यास दुरुस्तीचा गुणक exp(0.18), म्हणजे सुमारे १.२० होतो आणि खरी सरासरी १८ क्विंटलच्या जवळ जाते. दहा हजार हेक्टरांवर हा फरक तीस हजार क्विंटलांचा आहे. अवशेष नॉर्मल नसतील तर नाइहुआ दुआन यांची १९८३ सालची पद्धत वापरावी. तीत प्रत्येक अवशेषाचा घातांक घेऊन त्यांची सरासरी हाच गुणक मानला जातो.

दोन्ही गटांतील विखुरणे सारखे असेल तर हा गुणक दोन्हीकडे सारखाच लागतो आणि टक्केवारी अबाधित राहते. पण पाण्याचा एक मोठा गुण असा की ते उत्पादनातील चढउतारही कमी करते. कोरडवाहू गटाचे प्रमाण विचलन ०.८ आणि पाणी दिलेल्या गटाचे ०.४ असल्यास सरासरींचे गुणोत्तर काढण्यासाठी ०.६० मधून ०.२४ वजा करावे लागतात. उरलेल्या ०.३६ चा घातांक १.४३ येतो. म्हणजे नमुनेदार शेताची वाढ ८२ टक्के, पण गटाच्या सरासरी उत्पादनाची वाढ ४३ टक्केच. शेततळ्याचा खर्च किती वर्षांत फिटेल याचा हिशेब ८२ वर बेतला तर तो निम्म्याच्या आसपास फसेल. म्हणून दोन्ही गटांच्या अवशेषांचे प्रमाण विचलन वेगवेगळे छापणे आवश्यक ठरते.

शेवटी शून्याचा प्रश्न. घाटे अळीने पूर्ण खाल्लेल्या शेताचे उत्पादन शून्य असते आणि शून्याला लघुगणक नाही. अशा वेळी सर्वत्र १ मिळवून लघुगणक घेण्याची प्रथा आहे, पण तिने टक्केवारीचा अर्थच नष्ट होतो. शून्य आणि ५० किलो यांतील अंतर किलोत मोजल्यास ln(51) म्हणजे ३.९३ येते, तेच क्विंटलात मोजल्यास ln(1.5) म्हणजे ०.४१. एकक बदलताच ‘टक्केवारी’ बदलत असेल तर ती टक्केवारी नव्हे. शून्ये मोजकी नसतील तर पीक पूर्ण बुडण्याची शक्यता एका समीकरणाने आणि उरलेल्या शेतांचे उत्पादन दुसऱ्या समीकरणाने मांडावे, किंवा पॉयसन समाश्रयण वापरावे. त्यात सरासरीचा लघुगणक घेतला जातो, प्रत्येक शेताच्या उत्पादनाचा नव्हे. त्यामुळे शून्य अडत नाही आणि exp(b) − 1 थेट सरासरीतील बदल सांगतो.