हृदयाचे आकुंचन आणि विसावा : कॅल्शियमची ये-जा

१८८२-८३ च्या सुमारास लंडनमध्ये सिडनी रिंगर हे वैद्य बेडकाच्या शरीराबाहेर काढलेल्या हृदयावर प्रयोग करीत होते. मिठाच्या द्रावणात ते हृदय दीर्घकाळ धडधडत राहिले. हे द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, तर नळाच्या पाण्यात केलेले होते, ही गोष्ट त्यांना नंतर उमगली. शुद्ध पाणी वापरताच ठोके क्षीण होत थांबले. कॅल्शियमचा अल्पसा क्षार मिसळताच ते पुन्हा सुरू झाले. नळाच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियमच हृदय चालवीत होते.

असे का व्हावे? विसाव्याच्या वेळी हृदयाच्या स्नायुपेशीतील मुक्त कॅल्शियम बाहेरच्या मानाने सुमारे दहा हजारांश असते. विद्युत्-संदेश पोहोचला की पेशीपटलातील द्वारे उघडतात व थोडे कॅल्शियम आत येते. माणसाच्या हृदयात एवढे कॅल्शियम पुरेसे नसते. मात्र त्याच्या स्पर्शाने पेशीतील कॅल्शियमच्या कोठाराची दारे उघडतात आणि आतील प्रमाण सुमारे दहापट होते. बेडकाच्या हृदयात हे कोठार अत्यल्प असल्याने ते बाहेरच्या पुरवठ्यावरच विसंबून असते. म्हणूनच रिंगर यांच्या प्रयोगात फरक इतका स्पष्ट दिसला.

पेशीत ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे तंतू समांतर रचलेले असतात. त्यांच्या सुमारे दोन मायक्रोमीटर लांबीच्या एककास सार्कोमिअर म्हणतात. एरवी ॲक्टिनवरील पकडीच्या जागा ट्रोपोमायोसिनने झाकलेल्या असतात. कॅल्शियम ट्रोपोनिनला चिकटले की हे आवरण सरकते आणि मायोसिनची टोके ॲक्टिनला ओढू लागतात. तंतू स्वतः आखडत नाहीत. ते एकमेकांवरून सरकतात व सार्कोमिअर आखूड होते.

आता विसावा. तो आपोआप येत नाही. कोठाराच्या भिंतीवरील पंप कॅल्शियमचे दोन कण परत आत घेण्यासाठी एटीपीचा एक रेणू खर्च करतो. बहुतेक कॅल्शियम याच मार्गाने जाते. बाहेरून आले होते तेवढे पेशीपटलावरून परत बाहेर जाते. तेथे सोडियमचे तीन कण आत येतात तेव्हा कॅल्शियमचा एक कण बाहेर पडतो. प्रमाण घटले की ट्रोपोनिन मोकळे होते, पकड सुटते.

हा पंप मंदावला तर काय होते, ते पाहू. मिनिटाला ७५ ठोके असताना एका ठोक्यास ०.८ सेकंद मिळतो व त्यातील सुमारे ०.५ सेकंद विसाव्याचा असतो. जिना चढताना ठोके १२० झाले, तर पूर्ण ठोक्यालाच ०.५ सेकंद उरतो आणि ही कपात मुख्यतः विसाव्याच्या वाट्याला येते. निरोगी हृदयात ॲड्रेनॅलिन पंपावरील लगाम सैल करते, त्यामुळे विसावा लवकर पुरा होतो. मंद पंपाच्या हृदयात जवनिका पूर्ण सैलावण्यापूर्वीच पुढचा ठोका येतो, तिच्यातील दाब वाढतो, तो फुप्फुसांपर्यंत मागे पोहोचतो आणि दम लागतो. अशा रुग्णाच्या हृदयाचे आकुंचन तपासणीत अगदी सामान्य आढळू शकते. म्हणून इकोकार्डिओग्राफीत हृदय किती जोराने रक्त ढकलते एवढेच न पाहता, ते किती लवकर सैलावते हेही डॉक्टर मोजतात.